हायड्रोजन क्लोराइडच्या वर्णपटातील रिकामी जागा

हायड्रोजन क्लोराइड वायू डोळ्यांना रंगहीन दिसतो, पण अवरक्त प्रकाशाचा एक पट्टा तो चांगलाच शोषून घेतो. हा पट्टा ३.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. वर्णपटशास्त्रात मात्र तरंगलांबीपेक्षा तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या, वापरणे सोयीचे पडते, कारण ती ऊर्जेच्या थेट प्रमाणात असते. त्या मापाने हा पट्टा दर सेंटिमीटरला २,८८६ या आकड्याभोवती पसरलेला आहे. साध्या उपकरणावर त्याचा आलेख दोन उंचवट्यांचा आणि मधे खोलगट असा दिसतो. उपकरण बारकावे वेगळे करण्याइतके चांगले असेल, तर हे उंचवटे विरघळतात आणि त्यांच्या जागी एकेक सुटी, धारदार रेषा उभी राहते. दोन्ही बाजूंना डझनभर रेषा सहज मोजता येतात. त्या जवळजवळ समान अंतरावर असतात. फक्त अगदी मधोमध, जिथे एक रेषा सहज बसली असती, तिथे काहीच नसते.

ही रिकामी जागा उपकरणाच्या उणिवेमुळे पडलेली नाही. वायू वाढवला, प्रकाश प्रखर केला, मोजणी तासन्‌तास चालू ठेवली, तरी नेहमीच्या दाबाच्या वायूत ती रेषा उमटत नाही. रेणू प्रकाशाशी कसा व्यवहार करतो, त्याचा एक नियमच तिथे दिसत असतो.

हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत दोनच अणू आहेत, एक हलका आणि एक जड. त्यांना जोडणारा बंध स्प्रिंगसारखा ताणतो आणि आखडतो. हे कंपन सेकंदाला सुमारे ८६ लाख कोटी वेळा होते. त्याच वेळी अख्खा रेणू गिरक्या घेत असतो. खोलीच्या तापमानाला त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख कोटी गिरक्या इतका, म्हणजे एका गिरकीत सुमारे चाळीस कंपने. प्रकाश रेणूला पकडतो तो त्याच्या विद्युतभाराच्या विषम वाटणीमुळे. क्लोरीनकडे इलेक्ट्रॉन थोडे जास्त ओढलेले असल्याने त्या टोकाला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या टोकाला किंचित धन भार राहतो. अशा जोडीला द्विध्रुव म्हणतात. बंध ताणला की द्विध्रुवाचे बळ बदलते, आणि या बदलत्या बळामुळेच प्रकाशलहरीला रेणूत ऊर्जा ओतता येते. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूत दोन्ही टोके सारखीच असल्याने कंपन कितीही झाले तरी द्विध्रुव तयार होत नाही. त्यामुळे हवेचे हे दोन मुख्य घटक अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात, आणि येथे सांगितलेली सगळी रचना दोन वेगळ्या अणूंच्या रेणूतच पाहायला मिळते.

रेणू फक्त कंपत असता आणि फिरत नसता, तर त्याने कंपनाच्या नेमक्या आवृत्तीचाच प्रकाश शोषला असता आणि वर्णपटात मधोमध एकच रेषा आली असती. पण रेणू फिरतो, आणि तो फिरण्याचा अक्ष बंधाला काटकोनात असतो. सगळा उलगडा या काटकोनात आहे. द्विध्रुव नेहमी बंधाच्या दिशेने असतो, म्हणून रेणू फिरला की द्विध्रुवाची दिशाही त्याच्याबरोबर फिरते. बाहेरून एका ठरावीक दिशेने पाहिले, तर त्या दिशेतला द्विध्रुवाचा भाग दोन कारणांनी बदलतो. एक, कंपनाने त्याचे बळ कमी-जास्त होते. दोन, फिरण्याने त्याची दिशा पालटते, अर्ध्या गिरकीनंतर धन टोकाच्या जागी ऋण टोक येते. हे दोन बदल एकमेकांनी गुणले जातात. दोन लहरींचा गुणाकार केला की गणितात त्याचे दोन नव्या लहरींत रूपांतर होते. एकीची आवृत्ती मूळ दोन आवृत्त्यांच्या बेरजेइतकी असते आणि दुसरीची वजाबाकीइतकी. मूळ कंपनाची आवृत्ती त्या उत्तरात शिल्लकच राहत नाही. कंपन अधिक गिरकी, कंपन उणे गिरकी, आणि मधे शून्य.

फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने द्विध्रुवाचा थोडासा जरी भाग असता, तर तो भाग गिरकीने बदलला नसता. तो फक्त कंपनाच्या तालावर कमी-जास्त झाला असता आणि मधली रेषा उमटली असती. दोन अणूंच्या साध्या रेणूत बंध अक्षाला बरोबर काटकोनात असल्याने असा भागच नसतो. रेषा नसण्याचे जुन्या यामिकीतले कारण एवढेच, आणि ते आजही खरे आहे. नील्स बेरूम या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये गिरकीच्या आवृत्तीतही क्वांटमचे टप्पे असतील असे मांडले, तेव्हा त्याच्या विचारामागे हीच बेरीज-वजाबाकी होती. पुढच्याच वर्षी एव्हा फॉन बार या स्वीडिश संशोधिकेने हायड्रोजन क्लोराइडच्या पट्ट्यातले टप्पे प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले. मिशिगन विद्यापीठातल्या एल्मर आइम्स यांनी १९१९ मध्ये छापलेल्या मोजमापांत प्रत्येक रेषा सुटी आणि मधली खाच स्वच्छ दिसली. हायड्रोजन क्लोराइडबरोबर त्यांनी हायड्रोजन ब्रोमाइड आणि हायड्रोजन फ्लोराइड हे वायूही तपासले होते, त्यामुळे ही खाच एखाद्या वायूची लहर नाही हेही स्पष्ट झाले. रेणू ठरावीक टप्प्यांनीच फिरतात याचा इतका उघड पुरावा त्याआधी फारसा कोणी पाहिला नव्हता.

क्वांटम सिद्धांतानुसार रेणूला वाटेल त्या वेगाने फिरता येत नाही. त्याच्या फिरण्याला J हा पूर्णांक लावतात, आणि तो ०, १, २, ३ असा वाढतो. J शून्य म्हणजे न फिरणारा रेणू. फिरण्याची ऊर्जा B × J(J+१) इतकी असते. यातला B हा त्या रेणूचा स्वतःचा स्थिरांक आहे. अणू जेवढे जड आणि बंध जेवढा लांब, तेवढा B लहान. हायड्रोजन क्लोराइडसाठी तो सुमारे १०.४ आहे, तर जड अणूंच्या कार्बन मोनॉक्साइडसाठी फक्त १.९ च्या आसपास. म्हणूनच कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा इतक्या दाटीने बसतात की त्या सुट्या करायला बरेच चांगले उपकरण लागते.

रेणूने एक फोटॉन गिळला की तो कंपनाच्या तळपातळीवरून पहिल्या पातळीवर जातो आणि त्याच वेळी J बदलतो. फोटॉन स्वतःबरोबर कोनीय संवेगाचे एक एकक आणतो. हे एकक रेणूच्या फिरण्यात मिळवले की J एकने वाढू शकतो, एकने घटू शकतो किंवा, निव्वळ हिशेबाने, आहे तसाही राहू शकतो. शेवटची शक्यता अनेकांना चकवते. फोटॉनने आणलेल्या संवेगामुळे J बदललाच पाहिजे असे सर्रास सांगितले जाते, पण तेवढे कारण पुरेसे नाही. संवेगाचे एकक फिरण्याची दिशा कलती करूनही सामावून घेता येते. तो मार्ग पूर्ण बंद असतो तो फक्त J शून्य असताना, कारण न फिरणाऱ्या रेणूकडे कलती करायला दिशाच नसते.

इतर वेळी मार्ग अडवते ती सममिती. रेणूच्या स्थितीचे वर्णन एका तरंगफलाने होते. अवकाशातली प्रत्येक दिशा उलटी केली, म्हणजे रेणूची दोन टोके एकमेकांच्या जागी ठेवली, तर J सम असलेल्या स्थितीचे तरंगफल तसेच राहते आणि J विषम असलेल्या स्थितीचे चिन्ह पालटते. द्विध्रुवाचे चिन्ह या उलटापालटीत नेहमीच पालटते. शोषण किती बळकट होईल हे ठरते आधीची स्थिती, द्विध्रुव आणि नंतरची स्थिती या तिघांच्या गुणाकाराची सर्व दिशांवर बेरीज करून. आधीचा आणि नंतरचा J एकच असेल, तर त्या दोन स्थितींची चिन्हे एकमेकांना पुसून टाकतात आणि द्विध्रुवाचे चिन्ह तेवढे पालटलेले उरते. मग प्रत्येक दिशेतले योगदान विरुद्ध दिशेतल्या योगदानाने बरोबर रद्द होते आणि बेरीज शून्य येते. J एकने बदलला तर मात्र एक स्थिती सम आणि दुसरी विषम असते. चिन्हे दोनदा पालटतात, आणि बेरीज टिकते. यापेक्षा नेमके उत्तर मागता येणार नाही, आणि जुन्या चित्रातल्या काटकोनाशी ते पूर्ण जुळते.

J एकने वाढतो तेव्हा ज्या रेषा येतात त्यांना आर शाखा म्हणतात. त्या मध्यापेक्षा जास्त तरंगसंख्येच्या बाजूला बसतात. J घटतो तेव्हा पी शाखा येते, ती कमी तरंगसंख्येच्या बाजूला. न उमटणाऱ्या मधल्या शाखेला क्यू हे अक्षर दिलेले आहे. आर शाखेची पहिली रेषा न फिरणाऱ्या रेणूपासून सुरू होते आणि मध्यापासून सुमारे २B वर पडते. पी शाखेची पहिली रेषा J = १ पासून सुरू होऊन खालच्या बाजूला तितक्याच अंतरावर पडते. शेजारच्या दोन रेषांमधले नेहमीचे अंतर २B आणि मधली खाच ४B, म्हणजे बरोबर दुप्पट. एक रेषा गहाळ झाल्यासारखे वाटते ते यामुळेच.

या दुप्पट अंतराने १९२० च्या आगेमागे बराच गोंधळ उडवला होता. त्या वेळच्या क्वांटम सिद्धांतात फिरण्याची ऊर्जा पूर्णांकाच्या वर्गाच्या प्रमाणात धरत. त्या हिशेबाने रेषा मध्यापासून B, ३B, ५B अशा अंतरांवर पडायला हव्या होत्या आणि मग खाच बाकीच्या अंतरांएवढीच, २B, निघाली असती. प्रयोगात ती दुप्पट येत होती. पूर्णांकाऐवजी अर्धा, दीड, अडीच असे आकडे घेतले की हिशेब जुळे, पण का घ्यायचे ते कोणाला नीट सांगता येत नव्हते. खाचेवरून न फिरणारा रेणू अस्तित्वातच नसावा असाही निष्कर्ष काढला गेला. १९२५-२६ मध्ये नवी क्वांटम यामिकी आली आणि J(J+१) हे सूत्र तिच्यातून आपोआप निघाले. ते म्हणजे J अधिक अर्धा यांचा वर्ग, त्यातून पाव वजा. अर्ध्याचे कोडे तिथेच सुटले. न फिरणारा रेणूही परत आला. आर शाखेची पहिली रेषा त्याचीच असते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहता येईल. क्लोरीन-३५ असलेल्या हायड्रोजन क्लोराइडच्या मध्याजवळच्या चार रेषा अशा आहेत: R(१) २९२५.९०, R(०) २९०६.२४, P(१) २८६५.१० आणि P(२) २८४३.६२. कंसातला आकडा म्हणजे सुरुवातीचा J. R(०) आणि P(२) या दोन्ही रेषा वरच्या एकाच पातळीवर, J = १ वर, पोचतात. म्हणून त्यांच्यातला फरक पूर्णपणे खालच्या पातळ्यांमधला फरक असतो. तो आहे ६२.६२. सूत्राप्रमाणे J शून्य आणि J दोन यांच्यात ६B इतके अंतर असते, म्हणून खालच्या कंपनपातळीत B निघतो १०.४४. उलट R(१) आणि P(१) या रेषा खालच्या एकाच पातळीवरून निघतात. त्यांच्यातला ६०.८० हा फरक वरच्या पातळ्यांचा आहे आणि तिथला B येतो १०.१३.

दोन्ही B सारखे नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. कंपन वाढले की बंध सरासरीने थोडा लांबतो, कारण ताणणे आखडण्यापेक्षा सोपे असते. B वरून बंधाची लांबी काढली तर तळपातळीत ती १.२८४ अँगस्ट्रॉम येते आणि पहिल्या कंपनपातळीत १.३०३. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म लांबीत पडलेला दीड टक्क्याचा फरक आलेखावरच्या चार आकड्यांची वजाबाकी करून हाती येतो, हे या पद्धतीचे खरे वैभव आहे. आर शाखेच्या रेषा वर जाताना हळूहळू जवळ येतात आणि पी शाखेच्या दूर होत जातात, तेही याच फरकामुळे.

आता न दिसणारी रेषा कुठे असती तेही सांगता येते. R(०) मधून वरच्या B ची दुप्पट वजा केली तर २८८५.९७ उरतात. P(१) मध्ये खालच्या B ची दुप्पट मिळवली तरी २८८५.९७ च येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचता आले, म्हणजे रेषांना दिलेले क्रमांक बरोबर आहेत. हिशेबात सगळ्यात जास्त चूक होते ती याच क्रमांकांत. एखाद्याने खाच न ओळखता पहिल्या रेषेलाच मध्य धरले, तर पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. मग हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि चूक लगेच उघडी पडते.

मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे तापमानाने ठरतात. खोलीच्या तापमानाला जवळजवळ सगळे रेणू कंपनाच्या तळपातळीत असतात, पण फिरण्याच्या पातळ्यांत मात्र ते विखुरलेले असतात. J वाढतो तशी त्या पातळीत राहण्याच्या जागांची संख्या वाढत जाते, १, ३, ५, ७ अशी. दुसरीकडे ऊर्जेची किंमतही वाढते. दोहोंच्या ओढाताणीत J = ३ ची पातळी सर्वांत भरलेली निघते. तिथे न फिरणाऱ्या रेणूंच्या जवळपास चौपट रेणू असतात. म्हणून खाचेलगतच्या रेषा बुटक्या असतात, तिसऱ्या-चौथ्या रेषेपर्यंत त्या चढतात आणि मग उतरतात. वायू तापवला की उंचवटे एकमेकांपासून दूर सरकतात. खाचेची रुंदी मात्र तीच राहते.

चांगल्या उपकरणावर प्रत्येक रेषा जुळी दिसते. क्लोरीनचे ३५ आणि ३७ असे दोन समस्थानिक निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले असतात. जड क्लोरीनचा रेणू किंचित मंद कंपतो, म्हणून त्याची रेषा सुमारे २ एकके खाली सरकते. ही जोडी सुटी पाहायची तर उपकरणाची विभेदनक्षमता १ एककापर्यंत किंवा त्याहून बारीक हवी. नेहमीच्या कामासाठी बरीच उपकरणे ४ एककांवर लावलेली असतात. त्या मांडणीत जोडी एकच जाड रेषा बनते आणि तिच्या मध्यावरून काढलेला B कुठल्याच समस्थानिकाचा नसतो. वायू फार दाट भरला तर वेगळीच फसगत होते. मोठी रेषा प्रकाश पूर्ण संपवून तळाला टेकते, लहान रेषा तिला गाठते आणि तीनास एक हे प्रमाण आलेखात दोनास एक किंवा त्याहूनही कमी दिसते. टोके सपाट झाली असतील तर दाब कमी करून पुन्हा मोजणे एवढाच उपाय. खाचेतच पसरट शोषण दिसू लागले, तर आधी खिडक्या तपासाव्यात. ग्रीसमधले कार्बन-हायड्रोजन बंध २,८५० ते २,९६० याच भागात शोषतात, आणि नळीच्या तोंडाशी लावलेल्या ग्रीसचा पातळसा थरही गहाळ रेषेचा आभास निर्माण करू शकतो. खरी रेणूरेषा धारदार असते आणि ग्रीसचा पट्टा लोळल्यासारखा पसरतो, हा फरक नजरेला लगेच कळतो.

नियमाला जिथे अपवाद आहेत तिथेही काटकोनाचीच गोष्ट लागू पडते. नायट्रिक ऑक्साइडचा रेणूही दोन वेगळ्या अणूंचा आहे, पण त्यातल्या एका सुट्या इलेक्ट्रॉनला बंधाभोवती स्वतःचा कोनीय संवेग असतो. त्यामुळे रेणूचा एकूण संवेग बंधाला बरोबर काटकोनात राहत नाही. बंधाच्या दिशेने त्याचा थोडा भाग येतो, आणि १,८७६ च्या आसपास एक दुबळी पण निश्चित क्यू शाखा उमटते. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेतला रेणू आहे. त्याच्या वाकण्याच्या कंपनात द्विध्रुव रेणूला आडवा तयार होतो आणि त्याचा काही भाग फिरण्याच्या अक्षावर पडतो. म्हणून ६६७ या तरंगसंख्येला मधोमध एक उंच, टोकदार क्यू शाखा उभी राहते. आजूबाजूच्या रेषा तिच्यापुढे खुज्या दिसतात. रमण वर्णपटात तर हायड्रोजन क्लोराइडचीच क्यू शाखा दिसते. तिथे रेणू एक फोटॉन गिळत नाही, प्रकाश विखुरतो. त्यात द्विध्रुवाऐवजी रेणूची ध्रुवणक्षमता काम करते आणि टोके उलटल्यावर तिचे चिन्ह पालटत नाही. म्हणून तिथे J तोच राहिला तरी चालते.

हायड्रोजन क्लोराइड दाट निष्क्रिय वायूत मिसळून दाब खूप वाढवला, किंवा कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रवात विरघळवला, तर अवरक्त पट्ट्यातली खाचही भरू लागते. शेजारच्या रेणूंचे धक्के इतके दाट बसतात की रेणूला एक गिरकीही विनाअडथळा पूर्ण करता येत नाही. J हा नीट ठरलेला आकडा राहत नाही, रेषा एकमेकींत मिसळतात आणि कंपनाच्या स्वतःच्या आवृत्तीजवळ शोषण वाढते. द्रवात तर ही खाच भरून येण्याचे प्रमाण पाहून रेणूला तिथे किती मोकळेपणाने फिरता येते याचा अंदाज बांधता येतो.